चंद्रीची खोड

चंद्री आमच्या घरची जर्सी संकराची गाय. कपाळावर चांदणी, म्हणून चंद्री. स्वभावानं गरीब, पण दुसऱ्या वेतानंतर तिनं भलतंच सुरू केलं. आधी आण्णांची चामड्याची वहाण चघळून टाकली, मग दोरीवरचा आईचा परकर. गोठ्याची भिंत तर तिनं जिभेनं इतकी चाटली की गिलाव्याला खळगा पडला. शेजारच्या म्हशीचं मूतही ती चाटायची. "खोड लागलीय, मुसकी बांधा," असा सल्ला ज्याच्या-त्याच्या तोंडी होता. पाडी तीन महिन्यांची झाली तरी चंद्री माजावर येईना, हे मात्र आण्णांना खुपत होतं.

शेवटी त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आधी गाय नव्हे, गव्हाण पाहिली. गव्हाणीत उसाचे वाढे. गळीत हंगामात आमच्या भागात दुसरं काही नसतंच, फुकटात मिळतात ना! "आण्णा, ही खोड नाही, भूक आहे, पण पोटाची नाही," डॉक्टर म्हणाले. वाढ्यात फॉस्फरस मुळातच कमी, आणि त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही. दूध देताना गाय दोन्ही अंगातून काढून देते. साठा आटला की जनावर हाड, चामडं, माती, चिंध्या काहीही चघळतं आणि माज लांबतो.

तरी त्यांनी लगेच खनिज मिश्रणाचा पुडा दिला नाही. जंत झाले तरी जनावर माती खातं, म्हणून आधी शेण तपासलं आणि जंताचं औषध पाजलं. मग रोज पन्नास ग्रॅम मिश्रण, भुसा-पेंडीच्या आंबोणात कालवून. मीठ वेगळं, कारण सगळ्याच मिश्रणांत ते नसतं. वाढे निम्म्यावर आणून कडबा आणि थोडा लसूणघास सुरू केला. आईनं मिश्रणाचं माप म्हणून चहाचा जुना कप ठरवला. पण पन्नास ग्रॅम म्हणजे किती, ते आधी वाण्याच्या काट्यावर तोलून कपावर रेघ मारली. कोरडी भुकटी चंद्री फुंकून उडवायची, म्हणून आंबोण ओलसर ठेवावं लागे.

काही आठवड्यांत भिंत चाटणं थांबलं, केसांवर तकाकी आली. माज आला तोही मुका. हंबरणं नाही की उड्या नाहीत, फक्त शेपटीला काचेसारखा सोट चिकटलेला. आईनं पहाटे धार काढताना पाहिला म्हणून कळलं. तो माज सोडून पुढच्या, साधारण एकवीस दिवसांनी आलेल्या माजाला भरवली आणि ती फळली.

चंद्रीची नंतर बरीच वेतं झाली. पण हे मिश्रण म्हणजे जादू नव्हे. पोटभर चारा नसेल किंवा गर्भाशयात पू असेल, तर पुडा कितीही घाला, गाय उलटणारच. चंद्रीच्या पोटात गेलेला परकर मात्र कधीच बाहेर आला नाही. म्हणून चघळणारी गाय दिसली, तर आधी गोठ्यातलं प्लास्टिक, चिंध्या आणि खिळे उचला, मग डॉक्टरांना बोलवा.