आजोबांचं पोस्टकार्ड

आजोबांच्या पोस्टकार्डाचा फक्त फोटो नातीकडे उरला होता. कागद पिवळा, निळी शाई विटलेली. फोटोतले रंग वेगळे केल्यावर लाल थरात अक्षरं गडद उमटली, कारण निळी शाई लाल प्रकाश शोषते आणि पिवळा कागद तो परत पाठवतो. पत्त्यात ‘जि. चांदा’ होतं. चंद्रपूरचं हे नाव १९६४ मध्ये बदललं, त्यातून गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. पण लोक जुनं नाव पुढेही लिहीत, म्हणून काळ ठरवण्यासाठी तिने टपालाचा शिक्का पाहिला. मजकूर तेंदूपत्त्याच्या मजुरीचा. मैत्रिणीसाठी अरबी अनुवाद करताना तिने तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान, एवढं जोडलं. अरबी भाषेच्या वर्णमालेत ‘च’ नाही. ‘चांदा’ तिने त आणि श जोडून लिहिलं, शेजारी देवनागरीतही.