उकाडा, रिमझिम आणि झड



माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरची, हिंदी शाळेची आणि इंग्रजी गरजेची, असा आपल्या खैरलांजी भागातील अनेकांचा अनुभव आहे. त्यामुळे एखादा शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना वाटेत काय सांडते, हे आपल्याला लवकर कळते.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी बाहेरगावच्या प्रवाशांसाठी बालाघाट जिल्ह्याची माहिती इंग्रजीत लिहितो. त्याने पावसाळ्याचे काही मराठी शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ मला तपासायला पाठवले. त्यांतील तीन शब्दांवर मी बरेच दिवस विचार केला.

पहिला शब्द उकाडा. त्यापुढे त्याने ‘हीट’ लिहिले होते. पण मे महिन्यातील कोरडे, भाजून काढणारे ऊन म्हणजे उकाडा नव्हे. हा शब्द उकडणे या क्रियापदापासून आला आहे. मोदक वाफेवर उकडतात, तसा माणूस दमट हवेत उकडतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. याची ओळख घरातला कूलर करून देतो. मे महिन्यात तापमान ४३-४४ अंश असले तरी कूलरसमोर बरे वाटते, कारण त्यातील पाणी कोरड्या हवेत झपाट्याने वाळून हवा थंड करते. जूनमध्ये पारा ३६ वर उतरला तरी तोच कूलर निरुपयोगी ठरतो, अंग चिकट होते. आकडा कमी आणि त्रास जास्त, हाच उकाडा. हिंदीत यासाठी ‘उमस’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत ‘मगी’ हा शब्द जवळचा आहे. पण आपली आजी “आज फार उकडतंय” म्हणते, तेव्हा पाऊस जवळ आल्याची सूचनाही ती देत असते. इंग्रजी शब्दात ही सूचना नाही. म्हणून मी त्याला सुचवले, “एका शब्दावर भागवू नको. हवा दमट आहे, पानही हलत नाही, संध्याकाळपर्यंत पाऊस येऊ शकतो, असे पूर्ण वाक्य लिही.”

दुसरा शब्द रिमझिम. हा हिंदी-मराठीचा सामाईक शब्द. त्याने ‘ड्रिझल’ लिहिले होते, आणि शब्दकोशांतही बहुधा तेच सापडते. परंतु हवामानशास्त्रात ‘ड्रिझल’ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक थेंबांचा पाऊस. तो इतका हलका असतो की त्याचा आवाज जवळजवळ येतच नाही. आपल्याकडे त्याला भुरभुर म्हणतात. रिमझिम हे नावच मुळी आवाजावरून पडले आहे. टिनाच्या छपरावर आणि सागाच्या पानांवर ऐकू येणारा, एका लयीत पडणारा हलका पाऊस म्हणजे रिमझिम. म्हणून ‘ड्रिझल’ भुरभुरीसाठी ठेवावा. रिमझिमसाठी ‘हलका, संथ पाऊस’ या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहून त्याचा आवाजही सांगावा.

तिसरा शब्द झड. येथे चूक महागात पडू शकते. त्याने ‘शॉवर’ लिहिले होते. ‘शॉवर’ म्हणजे सर. ती येते आणि थोड्या वेळात निघून जाते. झड लागली की पाऊस दोन-तीन दिवस हटत नाही. कपडे वाळत नाहीत, सरपण ओले होते. रोवणीसाठी बांध्यांत पाणी हवे म्हणून शेतकरी झडीची वाट पाहतो, पण रोवणीनंतर ती फार लांबली तर कोवळी रोपे बुडण्याची काळजी त्यालाच लागते. झडीत माती पाण्याने भरून जाते, त्यामुळे पुढे पडलेला पाऊस जिरत नाही, सरळ नाल्यात उतरतो. म्हणूनच झडीच्या पहिल्या दिवशी कोरडा असलेला रपटा तिसऱ्या दिवशी पाण्याखाली जाऊ शकतो. ‘शॉवर’ वाचून आलेला पाहुणा म्हणेल, थोडे थांबू, पाऊस गेला की पलीकडे जाऊ. पण सर थांबल्यावरही वरच्या भागातले पाणी येतच राहते. झडीसाठी ‘अनेक दिवसांचा सततचा पाऊस’ असे लिहावे आणि त्याच ओळीत रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नये हेही लिहावे, असे मी त्याला कळवले.

त्याने तिन्ही नोंदी बदलल्या. मूळ मराठी शब्द त्याने तसेच ठेवले आणि पुढे एकेक इंग्रजी वाक्य जोडले. ही पद्धत मला पटली. पाहुण्याला अर्थ समजतो, आणि गावात कोणी “झड लागली” म्हणाले तर तो शब्द त्याला ओळखताही येतो.

विद्यार्थ्यांनो, या पावसाळ्यात घरातील वडीलधाऱ्यांना पावसाचे आणखी शब्द विचारा. प्रत्येक शब्दासोबत तो पाऊस किती वेळ पडतो, त्याचा आवाज कसा असतो आणि त्यानंतर शेतात व नाल्यात काय होते, हे लिहून आणा. एवढे लिहिलेत की इंग्रजी वाक्य बनवायला फारसे कठीण जाणार नाही.