एका माठाची दोन मापं

मुतखडा मला, डायलिसिस सासऱ्यांचं, आणि माठ घरात एकच. त्यात परभणीचा उन्हाळा. मला डॉक्टरांनी बजावलेलं की दिवसाकाठी अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, त्यासाठी लागेल तेवढं पाणी प्या. आण्णांना सांगितलेलं, चहा-ताक-आमटी सगळं धरून दिवसाला 800 मिलि, त्यावर थेंब नाही. शेजारच्या काकू एकदा तोंडावरच म्हणाल्या, ‘‘दोघांनाही किडनीचंच ना? मग सुनेनं तांब्यानं प्यायचं आणि म्हाताऱ्यानं वाटीनं, हे कुठलं शास्त्र?’’

शास्त्र होतं. माझ्या किडन्या ठणठणीत काम करत होत्या. त्यांत कमी होतं ते पाणी. लघवी घट्ट झाली की तिच्यातले कॅल्शियम, ऑक्झलेटसारखे क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण धरतात आणि कणांचा खडा होतो. आण्णांचं उलटं. तीस वर्षांच्या मधुमेहानं त्यांच्या किडन्या गेल्या होत्या, दिवसभरात जेमतेम 300 मिलि लघवी व्हायची. प्यायलेलं बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून ते आधी पायांत साठायचं आणि मग फुप्फुसांत. थोडक्यात, पाणी किती प्यायचं हे आजाराच्या नावावर ठरत नाही. लघवी किती होते, त्यावर ठरतं.

माझा खडा शाळेनं दिला असं मी म्हणते, आणि ते अगदीच चेष्टेत नाही. आमच्या शाळेतलं बाईमाणसांचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळ्या शिक्षिका सकाळी घोटभर चहा घेऊन निघायचो आणि घरी परतेपर्यंत पाण्याला शिवायचो नाही. वर्षानुवर्षं. एके दिवशी वर्गात डाव्या कुशीतून कळ उठली ती थेट जांघेत उतरली. ना बसवेना, ना उभं राहवेना. घरी आणलं तर काकू पाण्याची कळशी घेऊनच हजर, ‘‘घटाघटा पी, खडा वाहून जाईल.’’

सोनोग्राफीत 5 मिलिमीटरचा खडा मूत्रनलिकेत अडकलेला दिसला. डॉक्टरांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि पाण्याबद्दल काकूंच्या बरोबर उलटं सांगितलं. कळ चालू असताना तहानेपुरतंच प्यायचं. वाट अडलेली असताना वरून जोर लावला की किडनी आणखी फुगते आणि कळ वाढते, खडा लवकर सुटत नाही. एवढ्या आकाराचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पण कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा. पाण्याचं खरं काम खडा पडल्यानंतर सुरू होतं, दुसरा होऊ नये म्हणून.

माझा खडा पडला. मग एका रविवारी डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायला लावली. भरली 1100 मिलि. मला वाटत होतं, मी बऱ्यापैकी पाणी पिते. इटलीत पार्मा इथे झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. तो 1996 मध्ये छापून आला. पहिल्यांदाच खडा झालेल्या माणसांचे दोन गट केले. एकाला लघवी दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी प्यायला लावलं, दुसऱ्याला नेहमीसारखं राहू दिलं. पाच वर्षांत पहिल्या गटात शंभरातल्या बारा जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात सत्तावीस जणांना. औषध काहीच नाही, नुसतं पाणी.

आता मे महिन्यात घामावाटे किती जातं, ते कोण मोजणार? म्हणून मी प्यालेलं मोजायचं सोडून दिलं आणि लघवीकडे बघू लागले. ती पाण्यासारखी किंवा फिक्या लिंबूसरबतासारखी दिसली की ठीक, पिवळीजर्द झाली की तांब्या उचलायचा. उन्हाळ्यात साडेतीन-चार लिटर पोटात जातं तेव्हा कुठे अडीच बाहेर येते. झोपताना एक पेला आणि रात्री लघवीला उठलं की परत एक, कारण सर्वांत घट्ट लघवी पहाटेची असते. शाळेत आम्ही शिक्षिकांनी मिळून स्वच्छतागृहाचा प्रश्न लावून धरला आणि एक दुरुस्त करून घेतलं. माझ्या उपचारातला तो सगळ्यात कठीण भाग होता.

आण्णांचं गणित याहून बारीक. आदल्या चोवीस तासांत झालेली लघवी अधिक 500 मिलि, हा त्यांच्या डॉक्टरांचा हिशेब. श्वासातून, घामातून जातं त्यापोटी ते 500. लघवी 300 म्हणून कोटा 800. सकाळीच मी 800 मिलि पाणी एका बाटलीत भरून ठेवायची. आण्णांनी कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर झाडाला. बाटली रिकामी झाली म्हणजे दिवसाचा कोटा संपला. ‘‘सूनबाई, तुझं ते झाड माझ्यापेक्षा जास्त पितंय,’’ असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. मशीनवर घेण्याआधी आणि उतरवल्यावर वजन करतात. अंगात जादा पाणी नसतानाचं त्यांचं वजन, ज्याला तिथे सगळे ड्राय वेट म्हणतात, 58 किलो होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून दोन डायलिसिसमध्ये वाढलेलं वजन म्हणजे जवळपास सगळं साठलेलं पाणी. दोन-अडीच किलोपर्यंत चालायचं. अक्षय्य तृतीया गुरुवार ते सोमवारच्या लांब खंडात आली त्या वर्षी मात्र सोमवारी सकाळी काटा 62.1 वर गेला. टेक्निशियननं आण्णांना खाली उतरवून पुन्हा चढवलं. तेवढंच. म्हणजे 4.1 किलो.

आदल्या रात्री ते आडवे झालेच नव्हते. पाठीशी उशा लावून बसून होते, निजलं की दम लागायचा. नडगीवर मी अंगठा दाबून धरला तर पडलेला खळगा कितीतरी वेळ भरला नाही. ही दोन्ही लक्षणं पाणी चढल्याची, आणि बसून रात्र काढावी लागली तर सोमवारची वाट बघायची नसते, असं नंतर डॉक्टरांनी जरा कडक शब्दांतच सांगितलं.

मग सगळंच काढून टाका की, असं माझे यजमान म्हणाले. ते जमत नाही. तिथला नियम असा की दर किलो वजनामागे ताशी 13 मिलिच्या वर पाणी खेचायचं नाही. आण्णांच्या 58 किलोला चार तासांत ते तीन लिटरच्या आसपास येतं. त्याहून वेगानं खेचलं की रक्तदाब धाडकन पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयावर ताण येतो. त्या दिवशी तीन लिटर काढलं आणि राहिलेल्यासाठी मंगळवारी पुन्हा बोलावलं.

आण्णा शपथेवर सांगत होते की बाटलीबाहेर पाण्याचा घोट घेतला नाही. तेही खरं होतं. घरी येऊन सासूबाईंकडून चार दिवसांचं खाणं काढून घेतलं तेव्हा उलगडा झाला. सणाचा आमरस, दोन दिवस दोन-दोन वाट्या. रस म्हणजे काही पाणी नव्हे, हा सासूबाईंचा हिशेब. भातावर सढळ हातानं वाढलेली कटाची आमटी. आणि रोज जेवताना नव्या कैरीच्या लोणच्याची फोड. रस आणि आमटी वाटीनं मोजता आली. लोणच्याची करणी वेगळी. शरीरात साधारण 9 ग्रॅम मीठ राहिलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि खाणाऱ्याला इतकी तहान लावतं की तो पाण्यावाचून राहूच शकत नाही. मीठ न तोडता पाणी तोडायला सांगणं म्हणजे माणसाचा छळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आंब्यात शिवाय पोटॅशियम भरपूर, आणि किडनी ते बाहेर टाकत नसेल तर ठोके बिघडतात. त्याच कारणानं शहाळं मला चालायचं, त्यांना वर्ज्य. एका नातेवाइकानं प्रेमानं आणलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठसुद्धा परत पाठवलं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

त्यानंतर आम्ही पाण्यापेक्षा मिठावर लक्ष ठेवलं. पापड, लोणचं, फरसाण ताटातून गेलं, भाजीत मीठ निम्मं आणि वरून लिंबू. साखर ताब्यात आल्यावर तहान आणखी उतरली, वाढलेली साखरही घसा कोरडा पाडतेच. पाणी तांब्याऐवजी छोट्या फुलपात्रातून. गोळ्या जेवणातल्याच पाण्याबरोबर. बर्फाचा खडा चघळला तर तोही कोट्यात धरायचा. पंधरवड्यात वजनवाढ दोन किलोवर आली, आणि आण्णा रात्री आडवे झोपू लागले.

आमच्या दोघांच्या मध्ये माझे दीर होते. त्यांना मधुमेह, क्रिएटिनिन 1.8, पण लघवी नेहमीसारखी, अंगावर सूज नाही. वहिनीसारखं प्यावं की आण्णांसारखं, हा त्यांचा प्रश्न. ‘पाण्यानं किडनी धुतली जाते’ असा मोबाइलवर आलेला संदेश वाचून त्यांनी पाच लिटर सुरू केलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही नाकारलं. कॅनडात अशाच मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना वर्षभर जास्त पाणी पाजून बघितलं होतं, 2018 मध्ये त्याचा निकाल आला. किडनीची घसरण थांबली नाही. म्हणून तहान लागेल तेवढं प्यायचं. पण जुलाब-उलट्या झाल्या, तर अशा माणसानं आण्णांचं बघून पाणी तोडायचं नाही. अंगातलं पाणी आटलं की उरलीसुरली किडनीही झपाट्यानं खाली येते. अशा वेळी भरून काढायचं आणि रक्तदाबाच्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या, ते लगेच डॉक्टरांना विचारायचं.

आण्णांचा 800 चा आकडाही कायमचा नव्हता. डायलिसिसवर असलेल्यांची लघवी हळूहळू कमी होत जाते, म्हणून अधूनमधून चोवीस तासांची पुन्हा मोजावी लागते. पुढच्या खेपेला ती 100 मिलि भरली. त्या सकाळपासून बाटलीत 600.