सहा-सहाचे पुंजके

नाशिकमधल्या दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेत गणिताच्या बाई भोकं पाडलेल्या पाटीवर आलेख शिकवतात. प्रत्येक भोकात खुंटी बसते. मुलं बोटांनी खुंट्या चाचपतात आणि रेषा कुठे चढते, कुठे उतरते ते ओळखतात. खुंटीचं डोकं कुठे सपाट, कुठे टोकदार, तर कुठे खाच असलेलं असतं. त्यावरून दोन वेगळे आलेख एकाच पाटीवर मांडता येतात. या खुंट्या हरवत राहतात, आणि बाजारात सुट्या मिळत नाहीत. माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे हे कळल्यावर बाईंनी नमुना पाठवला. ५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी दांडा, डोक्यासकट उंची १८ मिलिमीटर. पन्नासेक खुंट्या हव्या होत्या.

पहिल्या घाण्यात सगळ्या खुंट्या बेडवर ओळीने मांडल्या आणि प्रिंट सुरू केलं. स्लायसर आपणहून देतो तो क्रम म्हणजे सगळ्यांचा पहिला थर, मग सगळ्यांचा दुसरा, असं वरपर्यंत. खुंट्या दिसायला चांगल्या झाल्या. दोनच दिवसांत बाईंचा फोन आला, "सर, मुलं म्हणतात ह्या खुंट्यांना केस आहेत."

ते केस म्हणजे प्लॅस्टिकचे तंतू. नोझल एका खुंटीवरून दुसरीवर उडी मारतं तेव्हा फिलामेंट मागे ओढलं जातं, तरी थोडा वितळलेला रस टोकाशी राहतो आणि वाटेत सांडतो. १८ मिलिमीटर उंचीत ०.२ मिलिमीटरचे ९० थर बसतात. प्रत्येक थरात पन्नासेक उड्या धरल्या, तर एका घाण्यात साडेचार हजारांच्या आसपास उड्या होतात. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो तंतू जेमतेम दिसतो. पण ज्याची बोटंच वाचतात त्याला तो खुंटीच्या आकाराचाच भाग वाटतो, आणि खाच असलेलं डोकं सपाट समजलं जाऊ शकतं. मुलांची तक्रार अगदी रास्त होती.

या पद्धतीचा दुसरा धोका मला तंतूंपेक्षा मोठा वाटतो. पाच मिलिमीटरच्या बुडावर उभी असलेली उंच खुंटी बेडवरून सुटायला फार जोर लागत नाही. वर वळलेल्या एखाद्या कडेला नोझल घासलं तरी ती आडवी होते. मग नोझल तिला ओढत शेजारणींवर नेतं, रिकाम्या हवेत प्लॅस्टिक सोडत राहतं, आणि सकाळी बेडवर शेवयांचा ढीग असतो. एक खुंटी सुटली की अख्खा घाणा जातो. बिघडलेली वस्तू मध्येच वगळायची सोय काही प्रिंटरांत असते, पण त्यासाठी कोणीतरी वेळेवर समोर असावं लागतं.

तंतूंवरचा सरळ उपाय म्हणजे एकावेळी एकच खुंटी पूर्ण करायची आणि मग पुढच्या जागी जायचं. PrusaSlicer मध्ये या पर्यायाचं नाव `Complete individual objects` आहे, Cura मध्ये `Print Sequence` खाली `One at a Time`. दर थराला होणाऱ्या उड्याच उरत नाहीत, त्यामुळे तंतूही जवळपास उरत नाहीत. मात्र इथे दोन नव्या गोष्टी उभ्या राहतात. एक उष्णतेची, दुसरी धडकेची.

आधी उष्णता. एका खुंटीचा एक थर भरायला नोझलला साधारण ५५ मिलिमीटर रेघ ओढावी लागते. सेकंदाला ४० मिलिमीटर वेगाने हे काम दीड सेकंदात संपतं. खालचा थर अजून मऊ असतानाच त्यावर पुढचा पडतो, आणि खुंटी मेणबत्तीसारखी ढासळू लागते. कोपरे गोल होतात, डोक्यावरची खाच बुजते. स्लायसरला किमान थरवेळ दहा सेकंद दिला तर तो वेग खाली आणतो. पण तेव्हाही गरम नोझल त्याच पाच मिलिमीटरच्या चौकोनावर घुटमळत असतं, म्हणजे थंड व्हायला मोकळीक मिळतच नाही. शिवाय दहा सेकंद गुणिले ९० थर म्हणजे एका खुंटीला पाव तास.

धडकेचं गणित समजायला नोझलच्या आजूबाजूला काय लोंबतं ते पाहावं लागतं. नोझल बेडला टेकेपर्यंत खाली आणून, खाली वाकून आडव्या नजरेने बघितलं. पंख्याचं तोंड नोझलच्या टोकापेक्षा जेमतेम तीन-चार मिलिमीटर वर होतं. म्हणजे पंखा आणि त्याचं आवरण जिथवर पोचतं, त्या वर्तुळात चार मिलिमीटरपेक्षा उंच तयार वस्तू उभी असून चालणार नाही. नोझलपासून सर्वांत लांबचा कोपरा ३८ मिलिमीटरवर निघाला. त्या वर्तुळाबाहेर पुढचा अडथळा म्हणजे ज्यावर हे सगळं सरकतं तो आडवा दांडा. तो बेडपासून २४ मिलिमीटरवर होता. PrusaSlicer मध्ये `Extruder clearance` या नावाखाली हेच दोन आकडे विचारले जातात. मी त्रिज्या ४५ आणि उंची २० भरली. तयार प्रोफाइलमध्ये आकडे आधीच असतात, पण पंखा किंवा त्याचं आवरण बदललेलं असेल तर ते आकडे तुमच्या यंत्राचे राहत नाहीत. म्हणून पट्टी घेऊन स्वतः मोजावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

खुंटी १८ मिलिमीटरची, म्हणजे २० च्या आत. दांड्याची अडचण नव्हती. पण त्रिज्येमुळे दोन वस्तूंमध्ये ४५ मिलिमीटर मोकळी जागा सोडणं भाग होतं. खुंटी घट्ट चिकटावी म्हणून तिच्या बुडाभोवती तीन मिलिमीटरची पातळ झालर, म्हणजे ब्रिम, देतो. ती धरून खुंटीची जागा ११ मिलिमीटर होते. ११ आणि ४५ मिळून ५६. माझ्या २२० मिलिमीटरच्या बेडवर अशा चारच खुंट्या एका ओळीत बसतात. म्हणजे पूर्ण बेडवर फक्त १६ खुंट्या, आणि वेळ चार तास.

कागदावर हे चौकोन आखत असताना मधली वाट दिसली. स्लायसरच्या लेखी "एक वस्तू" म्हणजे काय, हे आपणच ठरवू शकतो. सहा खुंट्या दोन ओळींत, सहा मिलिमीटर अंतराने मांडल्या आणि `Merge` करून त्यांची एक वस्तू केली. आता त्या सहांचे थर एकत्र चढतात, आणि सहाही पूर्ण झाल्यावरच नोझल पुढच्या पुंजक्याकडे जातं.

सहा खुंट्यांचा एक थर दहा-अकरा सेकंदांत होतो. पहिल्या खुंटीवर नोझल परत येईपर्यंत ती बऱ्यापैकी घट्ट झालेली असते, वेग मुद्दाम कमी करावा लागत नाही. एका खुंटीला जितका वेळ लागत होता, जवळपास तितक्यातच सहा होतात. शिवाय तीन-तीन मिलिमीटरच्या झालरी एकमेकींना भिडतात आणि सहाही खुंट्या एका सलग पत्र्यावर उभ्या राहतात. एकटी खुंटी डुलते, पण या पत्र्यावरची सहसा सुटत नाही. झालरीसकट पुंजका ३३ बाय २२ मिलिमीटर. मध्ये ४५ सोडून असे तीन गुणिले तीन, नऊ पुंजके बेडवर आरामात बसले. म्हणजे ५४ खुंट्या, आणि वेळ अडीच तासांच्या आसपास. एखादा पुंजका बिघडलाच तर त्याआधी पूर्ण झालेले पुंजके तयार उभे असतात.

तंतू पूर्ण गेले नाहीत, हे सांगायला हवं. पुंजक्याच्या आतल्या उड्या राहतातच. पण सगळ्या सहा मिलिमीटरच्या आसपासच्या, आणि फिलामेंट रात्रभर ड्रायरमध्ये कोरडं केल्यावर जे उरतात ते ब्रशच्या एका हाताने निघतात. बाईंकडे पाठवण्याआधी मी डोळे मिटून प्रत्येक खुंटीवरून अंगठा फिरवतो.

या क्रमाची एक किंमत आहे आणि ती मला अजूनही खुपते. सगळे एकत्र छापताना पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक वस्तूचा पहिला थर डोळ्यांखालून जातो. चिकटला की नाही ते लगेच कळतं. पुंजक्यांत मात्र नवव्याचा पहिला थर दोन तासांनंतर पडतो. तोवर बेडवर तंतूचा तुकडा उडून पडला असेल, तर तो पुंजका त्यावरच उभा राहू बघतो. म्हणून बेड आधी आयसोप्रोपिलने पुसतो आणि प्रत्येक नव्या पुंजक्याच्या सुरुवातीला येऊन उभा राहतो.

धडक कशी ओळखायची, तेही या घाण्यांनीच दाखवलं. एकदा तयार पुंजक्यांच्या उजव्या कडेच्या डोक्यांवर बारीक ओरखडे दिसले, नेहमी एकाच बाजूला. पंख्याच्या आवरणाचा स्क्रू सैल होऊन ते एका बाजूने खाली झुकलं होतं, आणि पुढच्या पुंजक्याकडे जाताना नुसतं घासत होतं. तेवढ्यावर निभावलं. जोराची धडक झाली की मोटर पावलं चुकवते. माझ्यासारख्या साध्या प्रिंटरला ते कळत नाही, तो आपण बरोबर जागी आहोत असं धरून पुढे छापत राहतो. पुंजक्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेला दिसला, तर आधीच्या तयार वस्तूंवर ओरखडा शोधावा.

खुंट्या ठेवायला बाईंनी एक उभा स्टँडही मागितला, ६० मिलिमीटर उंच. तो खुंट्यांसोबत छापता येतो, पण फक्त शेवटी. त्याच्यानंतर काही छापायचं नसेल, तर तो दांड्यापेक्षा उंच असला तरी कुणाच्या वाटेत येत नाही. तो छापताना तयार खुंट्या १८ मिलिमीटरच्या असतात आणि दांडा त्यांच्यावरून जातो. PrusaSlicer मध्ये वस्तूंच्या यादीत त्याला ओढून तळाशी ठेवलं की झालं.

पुढे मोठ्या पाटीसाठी ३० मिलिमीटरच्या खुंट्या हव्या झाल्या. २० च्या मर्यादेला धरून स्लायसरने पुंजक्यांचा क्रम नाकारला, आणि ते बरोबरच होतं. माझ्या प्रिंटरवर बेड मागे-पुढे सरकतो आणि नोझल दांड्याच्या पुढच्या बाजूला असतं. म्हणजे छापताना दांडा नेहमी नोझलच्या मागे असलेल्या बेडच्या भागावर असतो. पुंजके एकामागे एक एकाच रांगेत ठेवून पुढून मागे छापले, तर तयार पुंजके दांड्याखाली येतच नाहीत. प्रिंट संपल्यावर बेड पुढे सरकतो तेव्हाही सर्वांत मागचा पुंजका नुकताच झालेला असतो, त्याच्या पलीकडे काही नसतं. पण यासाठी स्लायसरला उंचीचा खोटा आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा पुढच्या घाण्याला तसाच राहिला तर धडक ठरलेली. ते मला नको होतं. म्हणून लांब खुंट्या बारा-बाराच्या घाण्यांत, सगळ्या एकत्र छापतो. एका घाण्यात बाराच असल्याने, एखादी सुटली तरी नुकसान बारापुरतं राहतं.