सर्व्हर डाऊन नव्हता

परवा संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या काकूंची नात धापा टाकत घरी आली. "काका, बातमी लावा. पोर्टल बंद पडलंय. उद्या शेवटची तारीख आहे आणि तीन दिवस झाले, लॉगिनच होत नाही."

पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण झालं नाही तर फी खिशातून भरावी लागणार, आणि तो खिसा कसा आहे हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तीन दिवस ती कॉलेज बुडवून नेट कॅफेच्या बाकावर बसत होती आणि रोज एकच उत्तर घेऊन परत येत होती. "ताई, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

खरं सांगतो, माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता. 'पोर्टल ठप्प, विद्यार्थी हवालदिल.' हवालदिल हा आम्हा तालुका वार्ताहरांचा लाडका शब्द. पण पत्रकारितेच्या डिप्लोमात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, छापायच्या आधी दुसरी बाजू तपासायची. म्हणून मी माझ्या मोबाईलवर तेच पोर्टल उघडलं. उघडलं. चौकोनावर टिक केली. झाली. म्हणजे पोर्टल चालू होतं. मग तिचं लॉगिन कुठे अडत होतं?

चप्पल घातली आणि तिच्याबरोबर कॅफेत गेलो.

दुकान नेहमीसारखंच. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एकच फायबरची लाईन. चालवणारा मुलगा कष्टाळू आहे, कुणाला फसवणारा नाही. त्याने पुन्हा लॉगिन करून दाखवलं. 'I'm not a robot' च्या जागी नुसता पांढरा चौकोन. रिफ्रेश केलं, तरी पांढरा. त्याने पासवर्ड टाकून तसंच बटण दाबलं, तर लाल अक्षरात 'Invalid Captcha'.

"बघा दादा, सर्व्हरच लोड घेत नाहीये."

मी म्हटलं, एक काम कर, Ctrl+Shift+N दाब. ही खाजगी खिडकी. हिच्यात जुन्या कुकीज नसतात, आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही बंद असतात. त्या खिडकीत तेच पान उघडलं आणि चौकोन दिसला!

इथे पहिली गाठ सुटली. हा चौकोन पोर्टलचा स्वतःचा नसतो. तो बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून येऊन पानात बसतो. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन फार कडक सेटिंगवर ठेवलं, तर ते बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट अडवतं, जाहिरात असो की कॅप्चा. chrome://extensions उघडलं तर तिथे नऊ एक्स्टेन्शन. कुणी कधी टाकली, त्यालाही आठवेना. निम्मी बंद करून पान उघडलं, मग उरलेल्यांतली निम्मी. असं करत तिसऱ्या खेपेला गुन्हेगार सापडला, जाहिराती अडवणारंच. ते फक्त या पोर्टलपुरतं बंद केलं. चौकोन नेहमीच्या खिडकीतही आला.

पोरगी खूश झाली. पण टिक केल्यावर चित्रं आली. सिग्नल ओळखा. ओळखले. बस ओळखा. ओळखल्या. पुन्हा सिग्नल. पुन्हा जिने. आठ वेळा झालं. तिचा आवाज रडवेला झाला, "काका, सिग्नलचा खांब धरायचा की नुसते दिवे? माझंच चुकतंय."

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच स्वतःला दोष देतात. या प्रकारात चित्रं हा परीक्षेचा फक्त एक भाग आहे. त्याच्या आधीच यंत्रणा बघते की हा ब्राउझर आधी कधी पाहिलाय का, कुकीज आहेत का, आणि विनंती कोणत्या आयपी पत्त्यावरून येते. त्या पत्त्यावरून यंत्रासारखी हालचाल झालेली असेल तर संशय आधीच पक्का असतो. मग उत्तर बरोबर असलं तरी पुढचं चित्र येतं. खांब धरला काय आणि सोडला काय.

खाजगी खिडकीत करून पाहिलं. तिथेही चित्रांची तीच रांग. म्हणजे आता दोष ब्राउझर किंवा एक्स्टेन्शनचा नव्हता. मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि त्याच कॉम्प्युटरला जोडला. तेच मशीन, तोच ब्राउझर, फक्त नेट वेगळं. एका टिकमध्ये हिरवी खूण.

म्हणजे दोष दुकानाच्या लाईनचा.

मुलाला विचारलं, या लाईनवर आणखी काय चालतं? आधी म्हणाला, काही नाही. मग हळूच सांगितलं की कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तात्काळ तिकिटं काढायचं सॉफ्टवेअर आहे. ते सेकंदाला कितीतरी वेळा आपोआप विनंत्या पाठवतं. तिन्ही कॉम्प्युटर बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. कोपऱ्यातल्या मशीनने यंत्रासारखं वागायचं आणि शिक्षा काउंटरवर बसलेल्या पोरीला. कधीकधी स्क्रीनवर स्पष्ट लिहून येतं, 'Your computer or network may be sending automated queries'. त्याने तो संदेश आदल्या दिवशी पाहिला होता, पण इंग्रजी म्हणून बंद केला होता.

असाच प्रकार फुकटच्या व्हीपीएनचा. त्यात तुमची विनंती अनोळखी शेकडो लोकांबरोबर एकाच पत्त्यावरून जाते, त्यातल्या कुणी काय केलंय ते तुम्हाला माहीत नसतं. मोबाईल डेटाही शंभर टक्के निर्दोष नाही. मोबाईल कंपन्या बऱ्याचदा एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. मोबाईलवर चित्रं संपतच नसतील तर फ्लाइट मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा. पुष्कळदा नवा पत्ता मिळतो आणि काम होतं.

हॉटस्पॉटवर टिक झाली. आता पासवर्ड. तो तिने वहीत लिहिलेला, कॅपिटल कोणतं, स्मॉल कोणतं हे बघत एकेक अक्षर टाकत होती. लॉगिन दाबलं. पुन्हा लाल अक्षरात 'Invalid Captcha'.

मीही वैतागलो. मग चौकोनाकडे नीट पाहिलं तर तिथे बारीक अक्षरात 'Verification expired. Check the checkbox again.' ही टिक कायमची नसते. या प्रकारात ती साधारण 2 मिनिटं चालते आणि एकदाच वापरता येते. आधी टिक करून मग पासवर्ड शोधत बसलात, तर दाबेपर्यंत मुदत संपलेली असते. पासवर्ड चुकला तरी आधीची टिक वाया जाते, नव्याने करावी लागते. उलट क्रमाने केलं. आधी नाव, मग पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी टिक.

आठ वाजून वीस मिनिटांनी लॉगिन झालं. पावणेनऊला अर्जाची पावती प्रिंटरमधून बाहेर आली.

वेडीवाकडी अक्षरं टाइप करायची असतात, त्या जुन्या कॅप्चाची गंमत वेगळी आहे. तिथे बरोबर उत्तर सर्व्हर तुमच्या नावाच्या खात्यात तात्पुरतं लिहून ठेवतो, आणि बऱ्याच जुन्या पोर्टलवर त्या खात्यात एकच उत्तर मावतं. घाईत तेच पान दोन टॅबमध्ये उघडलंत की दुसऱ्या टॅबचं उत्तर पहिल्याचं पुसून टाकतं. मग पहिल्या टॅबमधली अक्षरं तुम्ही कितीही अचूक टाका, चूकच येणार. मागे जायचं बटण दाबल्यावरही कधी जुनंच चित्र दिसतं. उपाय साधा. एकच टॅब ठेवा, मागे जाऊ नका, चित्राशेजारच्या गोल बाणाने नवं चित्र आणा आणि मग टाइप करा.

आणि ब्राउझर. दुकानातल्या तिसऱ्या मशीनवर अजून विंडोज 7 आहे. त्यावर क्रोम 109 च्या पुढे जातच नाही, 2023 पासून तसंच आहे. अशा मशीनवर काही वेळ जाईल, काही वेळ जाणार नाही. शेवटच्या तारखेला त्यावर विसंबू नका.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी ती बातमी तशीच लावली असती तर ती खोटी ठरली असती. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी 'पोर्टल सुरळीत' असा खुलासा दिला असता, आणि तो खरा असता! पोरगी मात्र तिथेच राहिली असती, फीच्या पावतीसमोर.

पण म्हणून पोर्टल निर्दोष आहे का? अजिबात नाही. चौकोन आलाच नाही, तरी 'Invalid Captcha'. मुदत संपली, तरी 'Invalid Captcha'. वेगवेगळे आजार आणि लेबल एकच. त्या लेबलचा सरळ अर्थ माणूस असा घेतो की मी चुकलो. दुकानदार त्याचं भाषांतर 'सर्व्हर डाऊन' असं करतो. 'कॅप्चा दिसला नाही, ब्राउझर तपासा', 'मुदत संपली, पुन्हा टिक करा' अशी दोन वाक्यं मराठीत लिहायला किती खर्च येतो?

दुसरं म्हणजे, ही सगळी व्यवस्था असं धरून चालते की एका माणसाकडे एक मशीन आहे आणि एक लाईन आहे. ज्याच्या घरात लॅपटॉप आणि वायफाय आहे, त्याला चित्रं क्वचितच दिसतात. जो तीसजणांच्या रांगेत बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरतो, त्यालाच पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं की तो माणूस आहे.

तेव्हा उद्या तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी अडकलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी खाजगी खिडकी. तिथे चाललं तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा कुकीजचा. तिथेही नाही चाललं तर तेच मशीन दुसऱ्या नेटला जोडा. चाललं तर दोष लाईनचा. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या नेटवरही नाही चाललं, तर मात्र दोष पोर्टलचा धरा. मग पूर्ण स्क्रीनचा फोटो काढा, त्यात वेळ आणि संदेश दोन्ही दिसू द्या, आणि काय काय बदलून पाहिलं ते लिहून तक्रार करा. नुसती 'साइट चालत नाही' ही तक्रार पहिल्या टेबलावरच बंद होते.

आणि मग तो फोटो मला पाठवा. ती बातमी मी लावतो.

ता.क. कॅफेवाल्याने काल ते तात्काळवालं सॉफ्टवेअर काढून टाकलं. म्हणाला, "दादा, त्या दोन तिकिटांपायी दिवसाला पंधरा अर्ज अडत होते."