संचालकांपुढे ठेवायचा अर्ज

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या संस्थेच्या संचालक मंडळाने जनरेटरचा अर्ज परत पाठवला, हे वाचून वाईट वाटलं. सोबत पाठवलेली नक्कल दोनदा वाचली. मागणी खरी आहे, पण ती नीट मांडलेली नाही. बावीस वर्षं दूध संघात हिशेब सांभाळताना असे अर्ज मी पलीकडच्या बाजूने वाचले आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

‘वर्षाला ३४० तास लाईट नसते, म्हणून जनरेटर हवा’ अशी तू सुरुवात केलीस. तिथेच चेअरमन थांबले असणार. दुपारी तीनला लाईट गेली तर बल्क कूलरमधल्या दुधाचं काय बिघडतं? एकदा ४ अंशांवर आलेलं दूध त्या जाड भिंतींच्या टाकीत काही तास थंडच राहतं. धोका संध्याकाळच्या संकलनानंतर असतो. तेव्हा ३५ अंशांच्या आसपासचं धारोष्ण दूध टाकीत पडतं आणि ते ४ अंशांवर यायला साधारण तीन तास लागतात. त्या वेळात लाईट गेली की दूध कोमट राहतं, जंतू झपाट्याने वाढतात आणि सकाळी टँकरवाल्याने उकळून पाहिलं की फाटतं. म्हणून गरज लिहिताना संध्याकाळी साडेसहा ते दहा या वेळातलीच खंडित वीज मोज. तू म्हणतोस तसे ते वर्षाला शंभरेक तास आहेत. आकडा लहान झाला तरी तो खोडता येणार नाही.

आता न घेण्याचा खर्च. ‘लाखोंचं नुकसान’ हे शब्द काढून टाक आणि परतीची नोंदवही उघड. तूच कळवलंस की वर्षात अकरा वेळा दूध आंबट म्हणून नाकारलं गेलं. त्यातल्या तीन दिवशी लाईट होती. ते दूध कॅन नीट न धुतल्याने किंवा उशिरा आल्याने बिघडलं असेल. जनरेटरने ते वाचलं नसतं. राहिले आठ दिवस. दर वेळी सरासरी ४६० लिटर, म्हणजे ३,६८० लिटर. लिटरला ३४ रुपये मिळाले असते, पण आंबट दुधाचेही १० रुपये आलेच. तेव्हा तोटा लिटरमागे २४ रुपये, एकूण ८८,३२० रुपये. सहा उत्पादक खाजगी संकलनाकडे गेले, तेही लिही, पण त्याला रुपये लावू नकोस. ते याच कारणाने गेले, हे तुला सिद्ध करता येणार नाही.

किमतीत तू फक्त १५ केव्हीएच्या जनरेटरचे २,८०,००० लिहिलेस. शंभर तासांना अडीच लिटरप्रमाणे डिझेल साधारण २३,००० रुपये, बॅटरी आणि सर्व्हिसिंग ९,००० रुपये. हे वर्षाचे ३२,००० वजा केले की ५६,३२० रुपये वाचतात. किंमत भरून यायला पाच वर्षं लागतील. तू ‘दोन वर्षांत’ लिहिलंस, आणि एखाद्या संचालकाने घरी बसून हिशेब केला असेल तर त्याचा बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडाला असेल.

पर्यायांचं तर तू नावच घेतलं नाहीस. निम्म्या संचालकांच्या दारात ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर ९५,००० रुपयांत येतो, हे त्यांच्या मनात असणारच. तो पर्याय तूच आधी मांड. पेरणीच्या दिवसांत संध्याकाळी सातला ट्रॅक्टर हाताशी असेलच असं नाही, आणि इंजिनाचे फेरे कमीजास्त झाले की व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी हलतात, ते कॉम्प्रेसरला सोसत नाही. भाड्याचा जनरेटर गेल्या वर्षी दोनदा मागवलास, दोन्ही वेळा दोन तासांनी आला. त्या तारखा-वेळा दे. लहान जनरेटर स्वस्त पडेल, पण कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, तिथे तो बंद पडेल. प्रत्येक पर्यायाला दोन-तीन वाक्यं पुरेत, मात्र त्याची चांगली बाजू लपवू नकोस.

शेवटी नेमकं काय हवं ते एका वाक्यात माग: सोबतच्या तीन दरपत्रकांपैकी अमुक मंजूर करून २,८०,००० रुपयांच्या खर्चास ठरावाने मान्यता द्यावी. दरपत्रकांची मुदत कधी संपते तेही लिही, म्हणजे विषय पुढच्या सभेवर ढकलताना त्यांना किंमत कळेल.

आणि त्या तीन दिवसांचा, कॅनचा परिच्छेद खोडू नकोस. कॅन धुण्याची काय व्यवस्था केलीस तेही त्यातच लिही. आपल्या हातातली चूक सचिवाने स्वतः मांडली, तर उरलेले आठ दिवस विजेचेच, हे पटायला सोपं जाईल.

दादा-वहिनींना नमस्कार. नवा अर्ज सभेआधी मला पाठव.

तुझी,
आत्या