कृतिसंशोधनाचा आराखडा तपासताना

कृतिसंशोधनाचा आराखडा कोणी तपासायला दिला, की मी आधी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखते. उद्दिष्ट, त्यासाठी काय करणार, आणि शेवटी काय दिसेल. उद्दिष्टे उतरवून घ्यायची आणि उरलेले दोन रकाने आराखड्यातूनच शोधून भरायचे. मनाने काही भरायचे नाही.

मागे शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी आराखडा दिला होता. विषय आमच्या गोसीखुर्द भागातला ओळखीचाच. धानाच्या रोवणीत आई बांधीत जाते, मग तिसरी-चौथीतली ताई लहान भावंड सांभाळायला घरी राहते आणि वाचनात मागे पडते. उद्दिष्टे तीन होती : गैरहजेरीची कारणे शोधणे, उपस्थिती वाढवणे, वाचनाची गोडी लावणे.

पहिल्यासमोर फक्त 'गृहभेट' होते. भेटीत विचारायचे काय, ते कुठेच नाही. चार प्रश्नांची छोटी मुलाखत-पत्रिका जोडली आणि 'कारणे समजतील' याऐवजी 'कोणत्या कारणाने किती दिवस बुडाले याचा तक्ता मिळेल' असे लिहिले.

दुसरे उद्दिष्ट वरवर पूर्ण दिसत होते. पालकांशी संपर्क, हजेरीपत्रक, जुलै आणि डिसेंबरची तुलना. पण खरी गडबड इथेच! जुलैत रोवणी असते, डिसेंबरात ती नसते. म्हणजे काहीच उपक्रम केला नाही तरी आकडा वाढलेला दिसणार. म्हणून त्याच मुलांची मागच्या वर्षीची जुलै-ऑगस्टची हजेरी यंदाच्या जुलै-ऑगस्टशी लावायचे ठरले. दोन महिने एकत्र, कारण पावसाप्रमाणे रोवणी मागेपुढे होते. तरी वाढ उपक्रमामुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. पाऊस कमी झाला तर रोवणीही कमी होते. तेवढे मर्यादेत लिहून टाकले.

तिसऱ्यासमोर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी होती : उतारा वाचून घ्यायचा, चुका मोजायच्या. त्यातून वाचनक्षमता कळते, गोडी नाही. उतारा घडाघडा वाचणारे पोर पुस्तकाला हातही लावत नाही, हे आपण रोजच बघतो. आता एकतर उद्दिष्ट बदला, नाहीतर साधन. मॅडमना गोडीच हवी होती. "आवडतं का?" असं विचारून उपयोग नाही, बाईंसमोर नाही कोण म्हणेल? मग वाचनपेटीजवळ वही ठेवायची, न सांगता पुस्तक नेणाऱ्याने नाव लिहायचे. अपेक्षित फलित : महिन्याअखेर प्रत्येक मुलाने स्वतःहून नेलेली पुस्तके पहिल्या महिन्यापेक्षा जास्त.

शेवटी उलटी तपासणी केली. साधनांच्या यादीत पालकांसाठी वीस प्रश्नांची प्रश्नावली उरली. तिच्या उत्तरांचा एकाही उद्दिष्टाला उपयोग नव्हता. "राहू द्या ना, आराखडा भारी वाटतो," मॅडम म्हणाल्या. रोवणीहून थकून आलेल्या आईला वीस प्रश्न कोण विचारणार, एवढंच मी विचारलं. प्रश्नावली त्यांनीच खोडली.